नगाचा दर आणि आगळाची बाटली

"ताई, एका प्रॉडक्टच्या वर्णनाला १८० रुपये मागा असं लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात दुकानदार नगाला २५ रुपये सांगतात आणि नाही म्हटलं तर दुसरा मिळतो. शिवाय ज्याच्याकडे एकही काम नाही त्याने नमुने कुठून आणायचे? फुकट लिहून द्यायचं का?"

ऑनलाइन दुकानांसाठी वस्तूंची वर्णनं लिहून देणाऱ्यांनी एका वर्णनाला १८० रुपये मागावेत असं मी लिहिलं होतं, त्यावर एका वाचकाचा हा प्रश्न. २५ रुपये सांगणारे आहेत, हे खरंच आहे. पण तो दर नेमका कशाचा, ते आकड्यांतच बघू.

समजा सिंधुदुर्गातला एक घरगुती उद्योग कोकमाचे पदार्थ ऑनलाइन विकतो. यादीत २४ नग आहेत. यादी उघडून वाचली की कळतं, वेगळे पदार्थ नऊच आहेत: आगळ, आमसूल, सरबताचं सिरप वगैरे. उरलेले पंधरा म्हणजे त्याच मालाची २०० मिली, ५०० मिली, एक लिटर अशी पॅकिंगं. नव्या पदार्थाला माझा पाऊण तास जातो. त्यातली पंधरा मिनिटं माहिती काढण्यात, वीस लिहिण्यात, दहा दुरुस्तीत. पॅकिंग बदललं तर पाच मिनिटं पुरतात. म्हणजे सगळं मिळून आठ तासांचं काम. सरसकट २५ रुपयांनी त्याचे ६०० होतात, तासाला ७५. मी नव्या पदार्थाला १८० आणि पॅकिंगला २० लावते. १,६२० अधिक ३००, एकूण १,९२०. दुकानदाराला हे नगामागे ८० पडतं, आणि मला तासाला २४०. पॅकिंगचा माझा दर तर तुमच्या २५ पेक्षाही कमी आहे. म्हणून यादी बघितल्याशिवाय दर सांगू नका. फोनवर "एका नगाचे किती?" असं विचारलं, तर "यादी पाठवा, संध्याकाळी सांगते" एवढंच म्हणा.

१८० रुपये कशाचे, तेही बघा. आगळाचं नेहमीचं वर्णन असं असतं: "शुद्ध, नैसर्गिक, उत्तम दर्जाचं कोकम आगळ. चवीला अप्रतिम." हे वाचून पुण्या-मुंबईतलं गिऱ्हाईक सिरप समजून बाटली मागवतं, पाण्यात घालतं, तोंड खारट होतं आणि एक तारा देऊन मोकळं होतं. मी लिहीन ते असं:

"रातांब्याच्या रसात मीठ मुरवून केलेलं आगळ. यात साखर नाही, त्यामुळे हे गोड सरबताचं सिरप नव्हे. सोलकढीसाठी दोन वाट्या नारळाच्या दुधात दोन मोठे चमचे घाला. आगळात मीठ आहेच, म्हणून वरून घालण्याआधी चाखून बघा."

यातलं दुसरं वाक्य दुकानदाराची तक्रार वाचवतं, आणि ते गोड लिहिता येण्याने सुचत नाही. "लोक कशावरून परत करतात?" हा प्रश्न विचारल्यावर सुचतं. ती पंधरा मिनिटं इथे लागतात. लेबलचे चारही बाजूंचे फोटो मागवून घ्या. वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव ही माहिती पॅकबंद मालाच्या पानावर दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती आपण अंदाजाने लिहायची नसते. "पित्त बरं होतं, शुगर उतरते असं टाका ना" हा आग्रह हमखास होतो. तिथे ठाम नाही म्हणा. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे.

आता नमुने. दुकानदार नमुना वाचताना तो कोणासाठी लिहिला होता हे क्वचितच विचारतो, आपला माल याला कळेल का हे बघतो. घरातल्याच तीन वस्तू घ्या, पण तीन जातीच्या: एक खाण्याची, एक अंगावर घालायची, एक वापराची. साडी असेल तर टेपने मोजा, ब्लाउजपीस सोबत आहे का ते लिहा, पहिल्या धुण्यात रंग जातो का ते बघा. प्रत्येक नमुन्याखाली, तो लिहिण्याआधी तुम्ही कोणते प्रश्न विचारले असते तेही जोडा. मला त्या प्रश्नांवरूनच जास्त कामं मिळाली आहेत.

फुकट मात्र लिहू नका. "आमच्याच पाच वस्तूंचं करून दाखवा" म्हणणाऱ्याला एक वस्तू करून द्या, पूर्ण दराने, आणि काम ठरलं की ती बिलात धरा. जो एकाचेही १८० देत नाही, तो २४ चे देईल असं मला वाटत नाही.

जाहिरातीच्या मजकुराला नगाचा दर लावूच नका. गुगलच्या सर्च जाहिरातीत ३० अक्षरांची १५ पर्यंत शीर्षकं आणि ९० अक्षरांच्या चार ओळी बसतात. शीर्षकं आलटून-पालटून दिसतात, म्हणून प्रत्येक एकटंही उभं राहायला हवं आणि दुसऱ्याशेजारीही. हे एकत्र बसून करायचं काम आहे, तेव्हा दर पूर्ण संचाचा सांगा. दुरुस्तीची एक फेरी त्यात धरा, दुसरीचे पैसे वेगळे, आणि हे काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.