चुकीच्या खर्चात पडलेले पेमेंट आणि चुकीचीच दुरुस्ती

«पुरवठादाराचं पेमेंट चुकीच्या खर्चाच्या खात्यात पडलं तर घाबरू नका. दोन्ही खर्चच, त्यामुळे नफा तोच राहतो, ट्रायल बॅलन्सही जुळतो. फार तर योग्य खर्च नावे, चुकीचा खर्च जमा अशी एक जर्नल टाका. नाहीतर टॅलीत सरळ व्हाउचर `Alt+D` ने डिलीट करून नवीन टाका.»

हा व्हायरल सल्ला तपासताना नफ्यापासून सुरुवात करू, आणि त्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. एका खासगी कंपनीने 6 मे रोजी पॅकिंगसाठी प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या. किंमत 50,000 रुपये, त्यावर 18 टक्के दराने जीएसटी 9,000, एकूण बिल 59,000. बिल आले त्याच दिवशी पॅकिंग खर्च 50,000 व जीएसटी 9,000 नावे आणि पुरवठादार 59,000 जमा अशी नोंद झाली. 20 मे रोजी बँकेतून पैसे गेले, तेव्हा मात्र पुरवठादाराचे खाते निवडण्याऐवजी लिपिकाने दुरुस्ती व देखभाल हे खाते निवडले. खर्च बिलाच्या दिवशीच लागलेला होता, पेमेंटने तो पुन्हा लागला. 50,000 च्या जागी 1,09,000 रुपये खर्च दिसू लागला आणि नफा 59,000 रुपयांनी घटला. शिवाय ज्याचे पैसे चुकते झाले त्याचे 59,000 रुपये देणे पुस्तकात तसेच उभे राहिले.

आता सुचवलेली जर्नल या उदाहरणाला लावून पाहावी. पॅकिंग खर्च 59,000 नावे आणि दुरुस्ती 59,000 जमा केल्याने दुरुस्तीचे खाते स्वच्छ होते, पण दुप्पट खर्च जागा बदलून पॅकिंगमध्ये जाऊन बसतो आणि पुरवठादाराची बाकी हलतच नाही. माझ्या मते ही जर्नल मूळ चुकीपेक्षा वाईट आहे, कारण दुरुस्तीच्या खात्यात परक्यासारखी उठून दिसणारी रक्कम पॅकिंगच्या गर्दीत मिसळून जाते. योग्य नोंद अशी:

```
पुरवठादार खाते            नावे  59,000
   दुरुस्ती व देखभाल खाते   जमा  59,000
```

टॅलीत ही नोंद `F7` जर्नलमध्ये करताना पुरवठादाराच्या ओळीवर `Agst Ref` निवडून 6 मेचे बिल जोडावे. ते राहिले, तर खात्याची एकूण बाकी शून्य होते, पण थकीत बिलांच्या यादीत ते बिल दिसतच राहते आणि कोणीतरी ते पाहून दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याची शक्यता उरते. बँकेचे खाते या नोंदीत येत नाही, कारण बँकेतून गेलेली रक्कम मुळातच बरोबर आहे. निवेदनात मूळ व्हाउचरचा क्रमांक, तारीख आणि बिल क्रमांक लिहावा.

व्हायरल सल्ल्यातली जर्नल सर्वस्वी खोटी आहे असेही नाही. आधी बिल नोंदवलेलेच नसेल आणि पेमेंटच्या वेळीच खर्च थेट लावला असेल, उदाहरणार्थ स्टेशनरीचे 800 रुपये चहापाण्याच्या खात्यात गेले असतील, तर तीच नोंद योग्य ठरते. म्हणून जर्नल लिहिण्यापूर्वी पुरवठादाराचे खाते उघडून तिथे बिल जमा आहे का, एवढे पाहणे पुरते.

ट्रायल बॅलन्स जुळण्याचा आधार इथे निरुपयोगी आहे, कारण नावे आणि जमा बाजूच्या रकमा समानच आहेत. फक्त खाते चुकले आहे. अशी चूक सापडते ती पुरवठादाराकडून आलेला खातेउतारा आपल्या पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर. सापडली नाही, तर बिलाच्या तारखेपासून 180 दिवस उलटल्यावर हे बिल न भरलेल्यांत धरून त्यावर घेतलेले 9,000 रुपयांचे जीएसटी क्रेडिट विनाकारण उलटवले जाऊ शकते.

डिलीट करण्याबद्दल दोन गोष्टी. बँक जुळवणी झालेले व्हाउचर उडवले की त्यावर टाकलेली बँकेची तारीखही जाते आणि नवे व्हाउचर पुन्हा न जुळलेल्यांत येते. दुसरे असे की 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद राहणे सक्तीचे आहे आणि ती वर्षभर चालू होती का, यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. त्यामुळे डिलीट केलेलेही दिसतेच, मात्र का केले ते दिसत नाही. जर्नलचे निवेदन ते सांगते. एकल मालकी किंवा भागीदारी संस्थेला ही सक्ती लागू नाही, तिथे बँक जुळवणीपूर्वी त्याच दिवशी लक्षात आलेली चूक मूळ व्हाउचर उघडून सुधारली तरी माझा आक्षेप नाही.

चूक पुढल्या वर्षी, ताळेबंदावर सह्या झाल्यानंतर लक्षात आली, तर मात्र मागील तारखेची नोंद करू नये. जुन्या वर्षाचे दुरुस्ती खाते नफा-तोट्यात बंद झालेले असते. तेव्हा चालू वर्षात पुरवठादार नावे आणि पूर्वकालीन बाबी जमा अशी नोंद करून ती रक्कम वेगळी दाखवावी, आणि ती मोठी असेल तर आधी लेखापरीक्षकाशी बोलावे.