प्रतिक्रियेला उत्तर: स्टेटमेंट नव्या तारखेचं, बाकी मात्र जुनीच

> तुमचा लेख वाचून व्हेंडरला मेल टाकला. चार दिवसांनी त्याने तेच स्टेटमेंट नवीन तारीख घालून पाठवलं. त्याच्याकडे बाकी ४,१२,६५०, आमच्या बुकात ३,८८,५७८. बोल्टचा पीओ रेट १४ रुपये, त्याने तीन बिलं १४.८५ ने लावलीत, एकूण २४,००० नग, जीएसटी १८ टक्के. मी लिहिलं होतं: "आपल्या स्टेटमेंटमध्ये रेट डिफरन्समुळे सुमारे २५ हजारांचा फरक आहे. कृपया तपासून सुधारित स्टेटमेंट पाठवावे व सहकार्य करावे." एवढ्या गोड भाषेने काय मिळालं? सरळ डेबिट नोट टाकायची, पैसे कापायचे, विषय संपला. मेल घासत बसायला अकाउंट्सवाल्याला वेळ कुठे असतो?

नमस्कार. बाकी जुळत नसेल तर व्हेंडरला पाठवायचा मेल नीट घासून लिहावा, हे माझ्या लेखाचं म्हणणं होतं. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं झालं, नाहीतर आपण दोघंही हवेत भांडलो असतो.

व्हेंडरने तुमची चेष्टा केलेली नाही. तुम्ही जे मागितलंत तेच त्याने दिलं. स्टेटमेंट म्हणजे त्याच्या टॅलीतल्या तुमच्या लेजरची प्रिंट. तिथल्या पोराने लेजर उघडलं, आजपर्यंतची तारीख टाकली, पीडीएफ काढली, पाठवली. लेजरमध्ये नवी एंट्री पडल्याशिवाय बाकी हलणार कशी? आणि ती एंट्री म्हणजे क्रेडिट नोट. लेखातल्या मसुद्यात तिचं वाक्य होतं, तुमच्या मेलमध्ये ते गळलंय. मागणी क्रेडिट नोटची करायची. सुधारित स्टेटमेंट तिच्या मागून आपोआप येतं.

आता "सुमारे २५ हजार". २४,००० नगांवर ८५ पैशांनी २०,४०० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६७२. बेरीज २४,०७२. आणि ४,१२,६५० मधून ३,८८,५७८ वजा केले तरी २४,०७२ च. म्हणजे सगळा फरक निव्वळ रेटचा आहे, एक रुपयाही इकडे तिकडे नाही. इतकी घट्ट बाजू हातात असताना तुम्ही "सुमारे" लिहिलंत! समोरच्याला त्या शब्दात काहीही दिसू शकतं: टीडीएस, फ्रेट, न पोचलेला चेक. तुमचा फरक असा शून्यावर आला नसता, तर उरलेली रक्कम रेटच्या नावावर न खपवता वेगळी दाखवायची.

"पैसे कापले, विषय संपला" हे तुमच्या बुकापुरतं खरं. तुमच्या डेबिट नोटने त्याचं लेजर बदलत नाही आणि त्याचा जीएसटीही कमी होत नाही. त्याने १४.८५ च्या रेटवर कर भरलेला आहे. तो कमी करायचा तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे त्यानेच क्रेडिट नोट काढून आपल्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते. तीही बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोवरच. मुदत गेली की ३,६७२ रुपये त्याच्या अंगावर. मग तो फार तर जीएसटीविना २०,४०० ची क्रेडिट नोट देईल, कराचे ३,६७२ तुमच्याकडेच मागेल, आणि तुमचं इनपुट क्रेडिट तुमच्याकडे राहील. म्हणजे पुन्हा बाकी जुळणार नाहीच. मेलमध्ये सगळ्यात वजनदार वाक्य हेच, कारण त्यात त्याचा फायदा आहे. "सहकार्य करावे" मध्ये कोणाचाच नाही.

आणखी एक. तुमचा मेल वाचणारा माणूस रेट ठरवत नाही. त्याला मालकाची किंवा मार्केटिंगवाल्याची परवानगी लागते. म्हणून मेल असा हवा की त्याने एक शब्दही न बदलता वर फॉरवर्ड करावा आणि मालकाने उभ्या उभ्या "दे" म्हणावं. "तुमचं स्टेटमेंट चुकीचं आहे" असं लिहिलं की तो पोरगा आधी स्वतःचा बचाव करत बसतो. मी घासायचं म्हणतो ते एवढ्यासाठी. बिलवार नग तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून ६,०००, ८,००० आणि १०,००० धरून लिहितो:

> विषय: पीओ रेटमधील फरकाच्या क्रेडिट नोटबाबत, रु. २४,०७२
>
> नमस्कार,
> आपल्या स्टेटमेंटप्रमाणे बाकी रु. ४,१२,६५० आहे. आमच्या पुस्तकांप्रमाणे ती रु. ३,८८,५७८ आहे. रु. २४,०७२ चा हा पूर्ण फरक खालील तीन बिलांतील रेटचा आहे. पीओ रेट रु. १४.००, बिलातील रेट रु. १४.८५.
>
> पहिले बिल (क्र. व तारीख): ६,००० नग, फरक रु. ५,१००
> दुसरे बिल (क्र. व तारीख): ८,००० नग, फरक रु. ६,८००
> तिसरे बिल (क्र. व तारीख): १०,००० नग, फरक रु. ८,५००
> एकूण रु. २०,४००, अधिक जीएसटी रु. ३,६७२
>
> कृपया या तीन बिलांचा उल्लेख करून रु. २४,०७२ ची क्रेडिट नोट द्यावी व ती नोंदवल्यानंतरचे स्टेटमेंट पाठवावे. नोट मिळताच आम्ही रु. ३,६७२ चे इनपुट क्रेडिट उलटवू, म्हणजे आपल्याला तेवढा कर कमी करता येईल. वाद नसलेली रक्कम ठरलेल्या तारखेला जमा होईल. रेट बदलल्याचे आमचे लेखी मान्यतापत्र आपल्याकडे असल्यास त्याची प्रत पाठवावी.
> सोबत: पीओ व तिन्ही बिलांच्या प्रती.

वाद नसलेल्या रकमेचं वाक्य शोभेचं नाही. व्हेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २४ हजारांच्या वादापायी ३,८८,५७८ रुपये अडवून ठेवणं महागात पडतं. लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची. त्यापुढे व्याज, तेही आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढ.

शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलंय, पण ते पाठवण्याआधी तुमच्याच परचेसवाल्याला गाठा. स्टील चढलं की व्हेंडर रेट वाढवल्याचं पत्र देतो, परचेसवाला व्हॉट्सअॅपवर "ओके, माल पाठवा" म्हणतो, आणि पीओत अमेंडमेंट करायची राहून जाते. अकाउंट्सला याचा पत्ताच नसतो. समजा तिसरं बिल अशा "ओके" नंतरचं निघालं. मग त्यावरचे ८,५०० आणि जीएसटी मिळून १०,०३० तुम्ही देणं लागता. तुमची मागणी १४,०४२ वर येते आणि दोन्ही पुस्तकं सरकतात: त्याची बाकी खाली, तुमची वर, दोन्ही ३,९८,६०८ वर. असं असेल तर ते तुम्हीच पहिल्या मेलमध्ये लिहा. व्हेंडरने तो स्क्रीनशॉट मालकासमोर ठेवला, की उरलेल्या दोन बिलांचं तुमचं म्हणणंही कोणी ऐकणार नाही.

नवीन स्टेटमेंट आलं की आधी खालची बाकी बघू नका. क्रेडिट नोटचा नंबर शोधा, आणि तोच नंबर जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी मध्ये दिसतो का ते पडताळा. पुष्कळदा नोट लेजरमध्ये पडते पण रिटर्नमध्ये चढवायची राहते, आणि ते कळतं तेव्हा नोव्हेंबर उलटलेला असतो.