टीव्ही आपोआप लागतो तो लाईटमुळे, हॅकरमुळे नाही

ग्रुपवर एक निरोप फिरतोय: “टीव्ही रात्री-अपरात्री आपोआप चालू होतो? बघता बघता इनपुट बदलतो? कोणीतरी वायफायवरून तुमचा टीव्ही हॅक केलाय. पासवर्ड बदला, फॅक्टरी रीसेट मारा. तरी थांबलं नाही तर बोर्ड गेला समजा. सीईसी बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, साउंडबार मुका होतो. जळगाव-धुळ्याच्या सगळ्या ग्रुपवर टाका.”

आधी वायफाय, कारण ते तपासायला काहीच लागत नाही. रात्री राउटर बंद करून झोपा. तरी टीव्ही लागला तर हॅकर बिचारा निर्दोष सुटला. एचडीएमआयच्या प्लगला १९ पिना असतात. त्यातली १३ वी ना चित्रासाठी, ना आवाजासाठी. जोडलेली यंत्रं तिच्यावरून एकमेकांना हुकूम सोडतात, त्यालाच सीईसी म्हणतात. टीव्हीचा नुसता लाल दिवा लागलेला असला तरी त्याचा कान या तारेकडे असतो. टीव्हीला लावलेल्या फायर टीव्हीसारख्या स्टिकने “ऊठ, आता मी दाखवते” असा निरोप टाकला की टीव्ही उठतो आणि स्टिकच्या इनपुटवर जातो. इंटरनेट यात कुठेच येत नाही. एक अपवाद: घरातल्याच कोणी मोबाईलवरून व्हिडिओ कास्ट केला, तरीही टीव्ही जागा होतो. तेव्हा आधी पोरांना विचारा.

मग मध्यरात्रीच का? पारोळ्याला माझ्या मावसभावाकडे हेच चाललं होतं. स्टिकचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला, बटण कायम चालू. टीव्ही रिमोटनेच बंद व्हायचा. वादळी पावसात लाईट जायची, रात्री केव्हातरी यायची. लाईट आली की स्टिक आपली आपण सुरू होते, होम स्क्रीनपर्यंत पोचते आणि निरोप टाकते. म्हणून त्याचा टीव्ही लाईट आल्या आल्या लागत नसे, थोडा वेळ जाऊन लागे. खरी खूण हीच. लाईट येताक्षणी टीव्ही लागत असेल तर बहुधा टीव्हीचीच ‘पॉवर ऑन मोड’सारखी सेटिंग असते, ती स्टँडबायवर करायची. खात्री करायला स्टिक एचडीएमआयमधून उपसा, टीव्हीचं बटण भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करून परत चालू करा आणि पाच मिनिटं वाट बघा. टीव्ही गप्प राहिला तर स्टिकला धरा.

भावाने काय केलं, तर स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीला लावली. रात्रीचं थांबलं, पण नवी कटकट सुरू झाली. काका सेट-टॉप बॉक्सवर बातम्या लावायचे आणि पहिली बातमी संपायच्या आत चित्र स्टिकवर उडी मारायचं. कारण आता टीव्ही चालू झाला की यूएसबीतून स्टिकला वीज मिळायची, ती सुरू व्हायची आणि स्वतःची वर्दी द्यायची. वायर इकडची तिकडे करून हे सुटत नाही. शेवटी स्टिकमध्येच सीईसी बंद केलं, तेव्हा दोन्ही त्रास गेले.

फॅक्टरी रीसेटने तर उलटंच होतं. बऱ्याच टीव्हींत सीईसी कंपनीकडूनच चालू येतं, त्यामुळे बंद केलेलं असलं तरी रीसेटनंतर परत चालू. वर सगळे चॅनल पुन्हा शोधा, सगळे पासवर्ड पुन्हा टाका.

टीव्हीच्या आतल्या बोर्डाचं म्हणाल तर, स्टिक काढल्यावर टीव्ही शहाण्यासारखा वागत असेल तर बोर्डावर एक रुपया घालू नका. काहीही जोडलेलं नसताना, ऑन टायमर आणि पॉवर ऑन मोड तपासूनही तो लागत असेल, तरच मेकॅनिकला बोलवा.

साउंडबारच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, अर्धं. ARC लिहिलेल्या पोर्टातून साउंडबारला आवाज जातो, आणि ARC ला सीईसी लागतं. टीव्हीतून सीईसी सरसकट बंद केलं तर आवाज जाऊ शकतो, निदान टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होत नाही. म्हणून टीव्हीला हात न लावता त्रास देणाऱ्या स्टिकमध्येच बंद करायचं. फायर टीव्हीवर ते Settings मध्ये Display & Sounds खाली HDMI CEC Device Control या नावाने आहे. टीव्हीतच करायचं असेल तर सॅमसंगवर Anynet+, एलजीवर SIMPLINK, सोनीवर BRAVIA Sync शोधा. सोनीवर TV auto power on एवढंच बंद करता येतं: टीव्ही झोपलेला राहतो, साउंडबार चालू राहतो. पण टीव्ही आधीच चालू असताना इनपुट उडी मारतं ते त्याने थांबेलच असं नाही, त्याला स्टिककडचंच बटण.

एखाद्या सेट-टॉप बॉक्समध्ये ही सेटिंग नसेल, तर १३ वी पिन नसलेला छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. तो त्या बॉक्सच्या केबलला लावा, साउंडबारच्या ARC पोर्टात मात्र नको.