‘वेटिंग पिरियडमध्ये येतं’ म्हणून क्लेम नाकारलाय? कलम पूर्ण वाचलंत का?

‘सांधा बदलायचं ऑपरेशन पहिली दोन वर्षं कव्हर नाही.’ आरोग्य विमा विकताना एजंट एवढं एकच वाक्य सांगतो, आपण मान डोलावतो आणि पुढे क्लेम नाकारला गेला की तेच वाक्य आठवून गप्प बसतो. माझं मत विचाराल तर या वाक्यापायी लोकांचे हक्काचे पैसे बुडतात. पॉलिसीत ते असं लिहिलेलंच नसतं. विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएमध्ये मी बरीच वर्षं फायली हाताळल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचंच बघा. वय ६८. बाथरूममध्ये ओल्या फरशीवरून घसरले आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. या वयात ते हाड जुळून येण्याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी अर्धा सांधा बदलला. बिल ३ लाख ४० हजार. पॉलिसी काढून १४ महिने झालेले. आधी विमा रक्कम ३ लाख होती, दोन महिन्यांपूर्वी नूतनीकरणाच्या वेळी मुलाने ती ५ लाख करून घेतली होती. कॅशलेसला उत्तर आलं: सांधा बदलणे, २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ, Excl02, नामंजूर. मुलाने इकडून तिकडून पैसे उभे केले आणि डिस्चार्ज घेतला.

आता हे Excl02 काय आहे ते बघू. विमा क्षेत्राची नियामक संस्था इर्डाने २०१९ मध्ये काही वगळणुकींची शब्दरचना सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिली आणि प्रत्येकीला असा कोड दिला. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, या कलमाचा गाभा तोच असतो. आजारांची यादी आणि महिने तेवढे बदलतात. गंमत अशी की यादी कलमाच्या अगदी शेवटी असते आणि सगळे आधी तिथेच बोट ठेवतात. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशी नावं दिसली की वाचन संपलं. तसं करू नका. यादीच्या वर जे चार-पाच उपमुद्दे आहेत, निकाल त्यांच्यात असतो.

पहिल्याच उपमुद्द्यात दोन वाक्यं आहेत. एक म्हणतं, यादीतल्या आजारांचा आणि शस्त्रक्रियांचा खर्च पहिल्या पॉलिसीपासून अमुक महिने सलग पूर्ण होईपर्यंत मिळणार नाही. दुसरं म्हणतं, अपघातामुळे उद्भवलेल्या क्लेमला ही वगळणूक लागू नाही. एजंटच्या तोंडून नेमकं हे दुसरं वाक्य गळतं. म्हणजे ऑपरेशन कुठलं झालं यापेक्षा ते कशामुळे करावं लागलं, हा प्रश्न आधी येतो.

मग अपघात कशाला म्हणायचं? तेही पॉलिसीतच, व्याख्यांच्या पानांवर आहे. अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध घडलेली आणि बाह्य, दृश्य, जोरकस कारणाने झालेली घटना. ओल्या फरशीवर पाय घसरून आपटणं यात सरळ बसतं. अपघात म्हणजे रस्त्यावर गाडीने उडवलं पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही.

कंपनीचं दुसरं पत्र जास्त हुशारीचं होतं. हॉस्पिटलात काढलेल्या डेक्सा स्कॅनमध्ये हाडं ठिसूळ निघाली होती आणि ऑस्टिओपोरोसिस यादीत आहे, तेव्हा हा अपघात नव्हेच, आजार आहे, असा त्यांचा युक्तिवाद. इथे माणूस गडबडतो. पण ६८व्या वर्षी हाडं थोडीफार ठिसूळ असायचीच. ती तशीच ठिसूळ राहून पुढची दहा वर्षं न मोडता गेली असती. मोडली ती पडल्यामुळे. विम्यात नुकसानीचं निकटचं कारण बघतात, आणि इथे ते पडणं आहे.

मात्र कंपनीची बाजू बरोबर ठरेल अशाही दोन शक्यता आहेत. काही वयस्कर लोकांच्या बाबतीत उभ्या उभ्या कट्‌कन आवाज होतो आणि मग ते पडतात. म्हणजे हाड आधी मोडलं, पडणं नंतर. तिथे अपघाताचा मुद्दा लंगडा पडतो. दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची. ऑस्टिओपोरोसिसचं निदान पॉलिसी घेण्याच्या आधीच झालेलं असतं, तर कंपनी Excl01 कडे वळली असती. ते आधीपासूनच्या आजारांचं कलम. त्यात आजारासोबत त्याच्या थेट गुंतागुंतीही वगळलेल्या आहेत आणि अपघाताचा अपवाद तिथे दिलेला नाही. मग भांडण अवघड झालं असतं. काकांचा हाडांचा पहिला रिपोर्टच पडल्यानंतरचा, त्यामुळे ती वाट बंद.

म्हणून अशा फायलीत मी पहिल्यांदा कागद कुठला बघायचो, तर कॅज्युअल्टीचा केसपेपर. दाखल करताना डॉक्टरांनी ‘घरी घसरून पडले’ असं लिहिलंय का? काकांच्या केसपेपरवर ते वेळेसकट होतं, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘फ्रॅक्चर, ऑस्टिओपोरोसिस’ एवढंच. क्लेम बघणाऱ्याच्या टेबलावर बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डच आधी येतं. मुलाने सर्जनकडून दोन ओळींचं पत्र आणलं: पडल्यामुळे हाड मोडलं, त्यासाठी सांधा बदलला, आधीची तक्रार नाही. केसपेपरची प्रत त्याला जोडली.

राहिला वाढवलेल्या रकमेचा प्रश्न. बिल ३ लाखांच्या वर होतं. विमा रक्कम वाढवली तर वाढीव भागाला ही वगळणूक नव्याने लागू होते, असा एक उपमुद्दा आहे, आणि कंपनीचा माणूस फोनवर तेच म्हणाला: दिलेच तर ३ लाखांपर्यंत. पण नव्याने लागू होते ती हीच वगळणूक, अपघाताच्या अपवादासकट. अपघाताच्या क्लेमला ती मुळात लागूच नाही, तर वाढीव दोन लाखांना तरी कशी लागेल? तक्रारीच्या पत्रात हा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात मांडला.

तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी गेली. क्लेम मंजूर झाला. हातमोजे, किट, नोंदणी शुल्क असलं किरकोळ कापलं, बाकीचं मिळालं. नसतं मिळालं तर महिनाभर थांबून विमा लोकपालाकडे जायचं ठरलं होतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. वगळणूक लागू होते हे सिद्ध करणं कंपनीचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. शब्द संदिग्ध असतील तर अर्थ विमेदाराच्या बाजूने लावतात. पण शब्द स्पष्ट असतील तर हे तत्त्व कामाला येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

काकांचं ऐकून शेजारच्या विंगमधल्या मावशी आल्या. गुडघे झिजलेत, दोन्ही बदलायचेत, अंदाजे ५ लाख खर्च. पॉलिसीला ३० महिने झाले, प्रतीक्षा काळ २४चाच, रक्कम मागच्या वर्षी ३ वरून ६ लाख केलेली. ‘आता तर सगळं मिळेल ना?’ नाही मिळणार. इथे अपघात नाही, झीज आहे. मूळ ३ लाखांचे २४ महिने भरले, तेवढे मिळतील. वाढीव ३ लाखांचं घड्याळ मागच्या वर्षी सुरू झालं. आणि गुडघ्याचं दुखणं पॉलिसी घेतल्यानंतर सुरू झालं म्हणूनही फरक पडत नाही, तसा स्वतंत्र उपमुद्दाच आहे. डॉक्टरांना विचारा, थांबणं चालणार असेल तर वाढीव रकमेचेही महिने भरू द्या, असं मी त्यांना सांगितलं. नाहीतर एक गुडघा आता, दुसरा पुढच्या वर्षी.