डायसल्फिरॅम गुपचूप देऊ नका

"दारू सोडवायची गोळी येते, डायसल्फिरॅम. रोज एक गोळी कुटून जेवणात मिसळा, त्याला अजिबात कळू देऊ नका. प्यायला की उलट्या होतील, आठवड्याभरात दारूची किळस बसेल, पिण्याची इच्छाच मरेल. काही अपाय नाही. फारच त्रास झाला तर गोळी बंद करा, की झालं. गरजूंपर्यंत पोचवा."

असा मजकूर लोक एकमेकांना पुढे पाठवतात. अशी गोळी आहे आणि ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की त्याला त्रास होतो, एवढं यातलं खरं. 1948 साली कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकॉबसेन या संशोधकांनी ते जगापुढे मांडलं. ते मुळात जंतांवरचं औषध म्हणून हे रसायन तपासत होते. बाकीच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातली दोन जिवावर बेतणारी आहेत.

आधी गोळी करते काय ते पाहू. पोटात गेलेली दारू यकृतात दोन टप्प्यांनी मोडते. पहिल्या टप्प्यात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी असतं, पण एरवी ते साठत नाही, कारण दुसऱ्या टप्प्यातलं विकर (एन्झाइम) त्याचं लगेच निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. डायसल्फिरॅम नेमकं हे दुसरं विकर निकामी करतं. पहिला टप्पा चालू, दुसरा बंद, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात नेहमीच्या कितीतरी पट साचतं. दारू घशाखाली गेल्यावर साधारण दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, घाम फुटतो, उलट्या सुरू होतात आणि रक्तदाब खाली येतो. हे अर्ध्या-एक तासात ओसरू शकतं किंवा कित्येक तास चालू राहू शकतं. गोळी किती आणि दारू किती, यावर ते ठरतं. हृदय आधीच कमजोर असेल तर मामला उलट्यांवर थांबत नाही.

दारू पोटात नसेल तर ही गोळी पिण्याच्या बाबतीत काहीच करत नाही. तलफ तिने जात नाही. 'इच्छा मरेल' हे वाक्य इथेच निकालात निघतं. तलफ कमी व्हायला मदत करणारी औषधं वेगळी आहेत, नॅल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही त्यांतली दोन. डायसल्फिरॅम फक्त एक कुंपण घालतं: आज सकाळी गोळी घेतली आहे, म्हणजे आज संध्याकाळी पिता येणार नाही. दिवसभरात दहा वेळा 'पिऊ का, नको' असा झगडा करण्याऐवजी माणूस तो निर्णय सकाळी एकदाच, डोकं ताळ्यावर असताना घेतो. ज्याला आपण गोळी घेतली हेच माहीत नाही, त्याच्यासाठी हे कुंपण अस्तित्वातच नाही.

हे अनुमान नाही, तपासलेलं आहे. 1986 साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये 605 पुरुषांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज 250 मिलिग्रॅम डायसल्फिरॅम दिलं, दुसऱ्याला फक्त 1 मिलिग्रॅम, म्हणजे औषध म्हणून शून्यच, आणि तिसऱ्याला दिलंच नाही. पहिल्या दोन्ही गटांना 'तुम्हाला डायसल्फिरॅम दिलं आहे' असं सांगितलं होतं. वर्षभर दारूपासून पूर्ण लांब राहिलेल्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गोळ्या सांगितल्याप्रमाणे नियमित घेणारे पाचात एकाच्या आसपास होते. यावरून 'औषध निकामी आहे' असा निष्कर्ष काढणारेही आहेत, पण मला तो घाईचा वाटतो. अडचण अशी की ज्याला प्यायचं आहे तो त्या दिवशी गोळी घेत नाही. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा समोर बसून दिलेल्या गोळीचा परिणाम चांगला दिसला; घरी पाकीट देऊन सोडून दिलेल्याचा तसा दिसला नाही.

किळस बसवण्याचा प्रयोगही झालेला आहे, आणि तो डॉक्टरांनीच केला होता. सुरुवातीच्या वर्षांत आजच्यापेक्षा कितीतरी मोठे डोस देत आणि दवाखान्यात मुद्दाम दारू पाजून रुग्णाला तो त्रास अनुभवायला लावत. त्यात माणसं दगावली. मग डोस उतरवले गेले आणि ही पाजण्याची पद्धत सोडून दिली गेली. जे डॉक्टरांनी देखरेखीखाली करूनही सोडून दिलं, ते हा मजकूर स्वयंपाकघरात करायला सांगतो आहे.

आता 'काही अपाय नाही', हे पहिलं जीवघेणं वाक्य. समजा पन्नाशीतला एक माणूस आहे. रोज संध्याकाळी पितो, रक्तदाबाची गोळी चालू आहे, हृदयाची तपासणी कधी झालेली नाही. बायको सकाळच्या जेवणात 250 मिलिग्रॅमची गोळी मिसळू लागते. पहिल्या संध्याकाळी त्याला थोडं गरगरतं, तो म्हणतो पित्त झालं. तिसऱ्या दिवसापर्यंत विकर बऱ्यापैकी निकामी झालेलं असतं, आणि तो मात्र नेहमीच्या सवयीने नेहमीएवढीच दारू भराभर रिचवतो. गोळीची माहिती असलेला माणूस पहिल्या घोटानंतर चेहरा तापला की ग्लास खाली ठेवतो. याला ठेवायचं कारणच नाही. त्रास सुरू होईपर्यंत सगळी दारू पोटात गेलेली असते.

अर्ध्या तासात उलट्या, छातीत दडपण, हातपाय गार. त्याला इमर्जन्सीत नेतात. डॉक्टर विचारतात, "कोणती औषधं चालू आहेत?" बायको म्हणते, "बीपीची." समोर घामाघूम, रक्तदाब पडलेला, नाडी धावणारा माणूस, डॉक्टर हृदयविकाराचा झटका, विषबाधा या दिशांनी जातात, आणि जावंच लागतं. डायसल्फिरॅमच्या प्रतिक्रियेवर पटकन उतरवणारा असा ठरलेला उतारा नाही. झोपवून पाय वर करणं, सलाइन, ऑक्सिजन, उलटीवर इंजेक्शन आणि ईसीजीवर नजर, हेच उपचार. पण कारण कळलं असेल तर पुढचे निर्णय बदलतात. उदाहरणार्थ, रक्तदाब वर येत नसेल तर कोणतं औषध निवडायचं यातही फरक पडतो, कारण डायसल्फिरॅम शरीरात नॉरॲड्रेनलिन बनवणाऱ्या विकरालाही अडवतं. मग थेट नॉरॲड्रेनलिन देणं बरं पडतं.

समजा तो वाचला. घाबरून दोन दिवस ग्लासाला हात लावत नाही. घरी वाटतं, जमलं. तिसऱ्या रात्री हात थरथरतात, अंगातून घाम निथळतो, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात, तो कुणाला ओळखेनासा होतो. हा गोळीचा परिणाम नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की होणारा हा विथड्रॉवल आहे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम, ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच रीतसर उपचारात आधी विथड्रॉवल औषधांनी सांभाळतात, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, शरीर स्थिर होऊ देतात आणि डायसल्फिरॅमचा विषय त्यानंतर निघतो. तेव्हाही शेवटच्या पेगानंतर किमान 12 तास, बरेच डॉक्टर 24 तास, गेल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत.

'गोळी बंद करा, की झालं' हे दुसरं जीवघेणं वाक्य. निकामी झालेलं विकर दुरुस्त होत नाही, यकृताला ते नव्याने बनवावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूची प्रतिक्रिया येऊ शकते. वरच्या उदाहरणात बायकोने घाबरून गोळी थांबवली आणि नवरा पाचव्या दिवशी प्यायला, तरी तोच प्रसंग पुन्हा. शिवाय ज्याला गोळी माहीत नाही त्याला हेही माहीत नसतं की खोकल्याच्या काही औषधांत आणि काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. जुलाबांसाठी सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल डायसल्फिरॅमसोबत घेतली तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला तरी कोण सांगणार?

मग ही गोळी द्यायची कुणाला? ज्याला दारू सोडायची आहे, जो गोळी काय करते हे ऐकून स्वतः हो म्हणतो, आणि ज्याचं हृदय, यकृत, मानसिक आजाराचा इतिहास तपासला आहे त्याला. हृदयविकार, सायकोसिस किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, गर्भारपण असेल तर ती देत नाहीत. नेहमीचा डोस दिवसाला 250 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, पण तो डॉक्टर ठरवतात.

देखरेख म्हणजे पाळत नव्हे, याबद्दल घरच्यांचा गोंधळ फार असतो. पद्धत साधी आहे. दिवसातली एक वेळ ठरवायची, शक्यतो सकाळची. रुग्णाने ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस स्वतः निवडायचा: बायको, भाऊ, सहकारी किंवा व्यसनमुक्ती केंद्रातली नर्स. गोळी पाण्यात विरघळवून त्याच्यासमोर प्यायची, म्हणजे ती जिभेखाली राहत नाही आणि 'घेतलीस का?' हा रोजचा वादही संपतो. वहीत खूण करायची. एखादा दिवस चुकला तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं: भांडायचं नाही, केंद्रात फोन करायचा. चुकलेली गोळी हा बहुतेक वेळा पिण्याच्या बेताचा पहिला इशारा असतो, आणि तो प्यायच्या आधी मिळतो. गुपचूप देणाऱ्याला हा इशारा कधीच मिळत नाही.

देखरेखीचा दुसरा अर्धा भाग डॉक्टरांकडे असतो. डायसल्फिरॅममुळे क्वचित यकृताला तीव्र सूज येते. ती बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते आणि दारू अजिबात न पिणाऱ्यालाही येऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वी, मग साधारण दोन आठवड्यांनी आणि पुढेही ठरावीक अंतराने यकृताची रक्ततपासणी, म्हणजे एलएफटी, करतात. भूक एकदम मरणं, सतत मळमळ, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पावलांना मुंग्या येणं, नजर अंधुक होणं, माणूस विचित्र संशयी बोलू लागणं, हेही असंच लगेच कळवायचं. आणि गुपचूप गोळ्या आधीच देऊन झाल्या असतील तर आज त्या थांबवा, त्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा, पुढचे दोन आठवडे दारूचा थेंबही धोक्याचा आहे हे त्याला स्पष्ट कळू द्या. आणि तो रोज पिणारा असेल तर दारू घरच्या घरी एकदम तोडायला न लावता त्याला थेट रुग्णालयात न्या.