टॉप मॉडेल घेताय? आधी टायरची साइडवॉल बघा

गाडी घेताना सगळे सनरूफ आणि स्क्रीन बघतात, टायरवरचा नंबर कोणी वाचतच नाही. मीही नव्हता वाचला.

आमच्या गाडीच्या खालच्या व्हेरियंटला १९५/६५ आर१५ आणि टॉपला २२५/४५ आर१७. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंच टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल. १९५ चे ६५ टक्के साधारण १२७ मिमी, २२५ चे ४५ टक्के फक्त १०१. चाकाची बाहेरून उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच, ६३४ मिमी. शेवटचा आकडा रिमचा, इंचात, म्हणजे रिम १५ ची १७ झाली, दोन इंच वाढली ती जागा सगळी रबराच्या आणि हवेच्या उशीतून घेतली, चारही बाजूंनी २६ मिमी कमी.

हे २६ मिमी खड्ड्यात कळतात. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायर दबतो, आणि उशी कमी असेल तर साइडवॉल रिम आणि कडेच्या मध्ये चक्क चिमटीत सापडते. आतले धागे तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत. माझ्या बाबतीत पावसात पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही, धाडकन आवाज आला, उतरून बघितलं तर काहीच नाही, हवाही नीट. चार दिवसांनी गाडी धुताना हात फिरवला तर साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. तो पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, टायर बदलायचाच, कारण तिथे हवा फक्त रबराने धरलेली असते आणि स्पीडला तो कधीही फुटू शकतो.

चाक काढल्यावर रिमची आतली कड वाकलेली निघाली, बाहेरून अजिबात दिसत नव्हती. दर आठवड्याला हवा थोडी कमी होत असेल किंवा ठराविक स्पीडला स्टीअरिंग थरथरत असेल आणि बॅलन्सिंग करूनही थांबत नसेल तर आतली कड तपासायला सांगा. लोखंडी रिम वाकली तर बऱ्याचदा ठोकून सरळ होते, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं वेल्डिंग करून वापरायला मी तरी तयार नाही.

टायर रुंद म्हणून महाग, वर एकाच एक्सलवरचा दुसरा बराच झिजलेला असेल तर जोडीच घ्यावी लागते.

मोठ्या चाकांचा फायदा खरा आहे, वळणावर गाडी कमी डुलते आणि स्टीअरिंगला पटकन उत्तर देते. पण रोज खराब रस्ता असेल तर मी टॉपच्या खालचं व्हेरियंटच घेईन. आणि टेस्ट ड्राइव्हला बहुतेक टॉप मॉडेलच पुढे करतात, तेव्हा जे घेणार त्याच साइझच्या टायरवरची गाडी मागा, नेहमीच्या खराब रस्त्यावर न्या, आणि निघायच्या आधी हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे आहे का ते बघा, कारण हवा कमी ठेवली की कडक टायरही मऊ वाटतो.