पायरी विचारणाऱ्या वाचकास

"लेख एकतर्फी आहे. दबावगट आणि पक्ष यांतला फरक शाळेच्या पुस्तकासारखा सांगून मोकळे झालात. तंबाखूच्या पाकिटांचं प्रकरण सरळसरळ सत्ताधारी पक्षाचं होतं, त्याला लॉबी म्हणून पक्षाला वाचवू नका. समितीचं नावही चुकलंय. आणि डॉक्टरांच्या संघटना दबाव आणतात ती लॉबी नाही का? मंत्रालयाची पायरी तरी कधी चढलात का? — एक वाचक"

आधी चूक कबूल करतो. तंबाखूच्या पाकिटांवरच्या मोठ्या इशाऱ्याचा नियम लांबणीवर टाकायला सांगणारी ती समिती आरोग्य मंत्रालयाची नव्हती. कायद्याखाली मंत्रालयं जे नियम काढतात ते तपासणारी लोकसभेची समिती होती. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता पायरी. माझी आई नगरला बावीस वर्षं विड्या वळत होती. पानं आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, वळलेला माल परत द्यायची, आणि त्यात छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली की त्याचे पैसे कापले जायचे. विडीवरचा कर वाढू नये म्हणून मोर्चा निघाला, तेव्हा मुकादमाने घरोघरी सांगितलं होतं: आलात तर दिवसाची मजुरी, नाही आलात तर उद्या पानं मिळणार नाहीत. आई गेली. फलकावर लिहिलं होतं 'विडी कामगार वाचवा'. मालक मोर्चात नव्हता. पुढे मी विडी कामगारांच्या युनियनच्या कार्यालयात कारकून होतो आणि निवेदनं घेऊन मुंबईला किती खेपा घातल्या ते मोजलेलं नाही. तेव्हा असले प्रश्न विचारण्याआधी समोरचा कोण आहे याची थोडी चौकशी करावी. वादाची ही पद्धत मला नवीन नाही, पण नाव न लिहिता करणाऱ्याच्या तोंडी ती जास्तच खटकते.

बरं, पक्षाचंच प्रकरण होतं म्हणता, तर कुठल्या पक्षाचं? ऑक्टोबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने नियम काढला की पाकिटाच्या दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यायची. त्याआधी एकाच बाजूला ४० टक्के होती. नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. सरकार भाजपचं. तो लांबणीवर टाकायला सांगणाऱ्या समितीचे अध्यक्ष दिलीप गांधी, आमच्या नगरचे खासदार, तेही भाजपचे. सदस्यांत अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता, भाजपचेच आणि स्वतः विडीच्या धंद्यातले. नियम काढणाराही पक्ष तोच आणि अडवणाराही तोच, मग पक्षाकडे बघून तुम्हाला काय कळणार?

पक्षाला मतं मागायची असतात. शेती, रस्ते, आरोग्य, सगळ्यावर काहीतरी बोलावं लागतं आणि पाच वर्षांनी हिशेब द्यावा लागतो. या धंद्याला सत्ता नको होती, त्याला एक आकडा कमी करून हवा होता. तेवढ्यासाठी निवडणूक कोण लढवतो? त्याला समितीतली एक खुर्ची पुरते.

आणि मागणी कशी असते बघा. 'इशारा काढून टाका' असं कोणी म्हणत नाही. 'थांबा, आधी अभ्यास करा' असं म्हणतात. तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असं गांधींनी जाहीरपणे म्हटलं, तेही ज्या देशात टाटा रुग्णालयाचे डॉक्टर रोज तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतात तिथे. ऐन मुदतीच्या तोंडावर नियम लांबला. लांबलेला प्रत्येक महिना म्हणजे जुन्याच पाकिटांच्या विक्रीचा महिना, त्यामुळे अभ्यासातून काहीही निघो, थांबवणाऱ्याचं काम तोवर झालेलं असतं. सोबत विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न पुढे केला जातो. तो खोटा नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण पाकिटावरचं चित्र मोठं झाल्याने त्या बायकांचं काय होईल याची काळजी करणारे छाटीच्या पैशांबद्दल एक शब्द काढत नाहीत. लॉबी ओळखायची खूण मी तरी हीच धरतो.

मार्च २०१६ मध्ये समितीने ८५ ऐवजी ५० टक्के सुचवले. सरकारने ते ऐकलं नाही. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयातही गेलेलं होतं, आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के लागू झाले. म्हणजे लॉबी हरली? आकड्यात हरली, पण वर्षभराची मुदत पदरात पाडून घेतली. तुमच्यासारखे वाचक पक्षाचा रंग बघत बसतात, म्हणून हे वर्ष कोणाच्या हिशेबात येत नाही.

डॉक्टरांच्या संघटनांचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. शाळेच्या पुस्तकाबद्दल म्हणाल, तर पुस्तकात लिहिलं म्हणून गोष्ट चुकीची ठरत नाही.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. लेखात आणखी चुका सापडल्या तर त्याही कळवा, दुरुस्त करीन.